समोरचा एक्स-रे नॉर्मल, तरी मूल लंगडतंय: खुब्याचा फ्रॉग-लेग फोटो का काढतात?

प्रश्न: माझा मुलगा ११ वर्षांचा आहे, अंगाने थोडा जाड. तीन आठवड्यांपासून उजव्या पायाने लंगडतोय. गुडघा दुखतो म्हणत होता म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढला, तो नॉर्मल. मग खुब्याचा समोरून काढला. एक डॉक्टर म्हणाले पर्थेस असू शकतो, दुसरे म्हणाले ग्रोथ प्लेट सरकल्याचा संशय आहे, बेडकासारखे पाय ठेवून आणखी एक फोटो काढा. या दोन्हींत फरक काय? आणि तो दुसरा फोटो खरंच लागतो का? मुलाला उगाच जास्त रेडिएशन नको वाटतं.

उत्तर:

फोटो लागतो, आणि तो आजच काढून घ्या. पण त्याआधी एक गोष्ट करा: निदान होईपर्यंत मुलाला त्या पायावर भार देऊ देऊ नका. घरातल्या घरातसुद्धा उचलून न्या, दवाखान्यात गेल्यावर व्हीलचेअर मागा. शाळा, खेळ, जिने सगळं बंद. ११ वर्षांचा, वजनाने जास्त, काही आठवडे लंगडणारा आणि गुडघा दुखतो म्हणणारा मुलगा समोर आला की माझ्या मनात पहिला संशय ग्रोथ प्लेट सरकल्याचा येतो, पर्थेसचा नंतर. सरकलेली प्लेट एखाद्या पावलागणिक, एखाद्या घसरण्यागणिक आणखी सरकू शकते. आज थोडी सरकलेली असेल तर उपचार सोपा असतो. एकदम निसटली तर तोच खुबा आयुष्यभराचा प्रश्न होतो.

आधी गुडघ्याबद्दल सांगतो, कारण बहुतेक मुलांचे आठवडे तिथेच वाया जातात. खुब्याच्या सांध्याला संवेदना पुरवणाऱ्या मज्जातंतूंपैकी एक पुढे मांडीच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यापर्यंत जातो. खुब्यात दुखलं तरी मेंदूला ते मांडीत किंवा गुडघ्यात दुखल्यासारखं वाटतं. मूल खोटं बोलत नसतं, त्याला खरोखर तिथेच दुखतं. प्लेट सरकलेल्या काही मुलांना तर जांघेत काहीच जाणवत नाही, फक्त मांडी नाहीतर गुडघा दुखतो. म्हणून गुडघा दुखणाऱ्या प्रत्येक मुलाचा खुबा हलवून बघायचा, हे आम्ही शिकाऊ डॉक्टरांना पहिल्या दिवशी सांगतो. तरीही हे सुटतं, कारण गुडघा समोर दिसतो, हाताला लागतो, आणि खुबा मांसात खोल दडलेला असतो.

तपासताना मी मुलाला पाठीवर झोपवतो आणि दुखऱ्या पायाचा गुडघा हळूहळू पोटाकडे वाकवतो. निरोगी खुबा सरळ वाकतो, गुडघा त्याच बाजूच्या खांद्याच्या दिशेने येतो. प्लेट सरकलेली असेल तर वाकवता वाकवता मांडी आपोआप बाहेरच्या बाजूला वळते. ती सरळ ठेवायचा प्रयत्न केला तर अडते आणि मूल कळवळतं. एवढी एक खूण दिसली की फोटो हातात येण्याआधीच माझा अंदाज बराच पक्का झालेला असतो. पर्थेसमध्येही पाय आत वळवणं आणि बाजूला फाकवणं कमी होतं, पण वाकवताना असं ठामपणे बाहेर वळणं हे सरकलेल्या प्लेटचं लक्षण. तुम्ही घरी हे करून बघू नका. मुलाच्या चालण्यात उजवा पंजा डाव्यापेक्षा जास्त बाहेर वळलेला दिसतो का, एवढंच आठवून डॉक्टरांना सांगा.

आता हाड कसं असतं ते बघू. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला एक गोल असतो, तो कमरेच्या हाडातल्या वाटीत बसतो. गोल आणि मांडीचं सरळ हाड यांना जोडणारा तिरका भाग म्हणजे मान. वाढत्या वयात हा गोल आणि मान एकसंध नसतात. त्यांच्या मध्ये कूर्चेची पातळ चकती असते, तिलाच ग्रोथ प्लेट म्हणतात. हाडाची लांबी तिथे वाढते. कूर्चा एक्स-रेत उमटत नाही, म्हणून गोल आणि मान यांच्यामध्ये एक काळी रेघ दिसते. पालक कित्येकदा ती रेघ बघून घाबरतात. ती असणं नॉर्मलच आहे. ती रुंद, धूसर किंवा वेडीवाकडी असणं मात्र नॉर्मल नाही.

दोन्ही आजारांतला फरक त्या गोलाशी आणि त्या चकतीशी बांधलेला आहे. पर्थेसमध्ये गोल आपल्या जागेवर असतो, पण आतून आजारी असतो. प्लेट सरकते तेव्हा गोल निरोगी असतो, पण मानेवरची त्याची जागा चुकलेली असते.

पर्थेसचं वय साधारण ४ ते ८ वर्षं. त्याआधी किंवा नंतरही होतो, पण या वयात सर्वांत जास्त, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये चार-पाच पट. गोलाला होणारा रक्तपुरवठा काही काळ तुटतो आणि आतलं हाड मरतं. का तुटतो याचं एकच पक्कं कारण सापडलेलं नाही. नंतर शरीर ते मेलेलं हाड खरवडून काढतं आणि त्या जागी नवं घालतं. हे सगळं व्हायला दोन ते चार वर्षं लागतात. त्या काळात गोल मऊ असतो आणि अंगाच्या वजनाने चपटा होऊ शकतो. एक्स-रेत सुरुवातीला गोल दुसऱ्या बाजूपेक्षा लहान आणि जास्त पांढरा दिसतो, मग त्याचे तुकडे पडल्यासारखे दिसतात, मग हळूहळू तो पुन्हा भरतो. १९१० मध्ये अमेरिकेत लेग, फ्रान्समध्ये काल्वे आणि जर्मनीत पर्थेस यांनी हा आजार एकमेकांपासून स्वतंत्रपणे वर्णन केला. तोवर अशा खुब्यांना क्षयाचा खुबा समजलं जायचं. हाडाच्या आत काय चाललंय ते बघायला तेव्हा नुकता एक्स-रे हाताशी आला होता, म्हणूनच हे वेगळं करता आलं.

प्लेट सरकण्याचं वय वेगळं. मुलांमध्ये साधारण १२ ते १४, मुलींमध्ये वर्षभर आधी, म्हणजे उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात. तेव्हा चकती जाड आणि कमकुवत असते, वरून वजन जास्त असेल तर तिच्यावरचा ताण वाढतो. वाटीतला गोल आपल्या जागी राहतो आणि त्याच्या खालची मान पुढे सरकून बाहेर वळते. आम्ही सोयीसाठी ‘गोल मागे घसरला’ म्हणतो, प्रत्यक्षात घसरते ती मान. पण दोघांचं नातं तेच राहतं: मानेच्या तुलनेत गोल मागच्या बाजूला जातो. या ‘मागच्या बाजूला’ शब्दावर तुमच्या प्रश्नाचं सगळं उत्तर उभं आहे.

दोन काडेपेट्या एकावर एक ठेवा आणि त्यांच्या समोर बसा. आता वरची पेटी तुमच्यापासून सरळ लांब ढकला, अर्धा सेंटीमीटर. समोरून बघितलं तर दोन्ही पेट्यांच्या डाव्या-उजव्या कडा अजूनही एका रेषेत दिसतात, काही हललंय असं वाटतच नाही. उठून बाजूला जाऊन बघा, पायरी लगेच दिसेल. समोरून काढलेल्या एक्स-रेचं नेमकं असंच होतं. किरणं पोटाकडून पाठीकडे जातात आणि गोलही पाठीकडेच घसरलेला असतो. बघण्याची दिशा आणि घसरण्याची दिशा एकच, म्हणून सुरुवातीची घसरण त्या फोटोत लपते. फोटो चांगला निघालेला असतो, वाचणाऱ्याचंही चुकलेलं नसतं, आणि तरी रिपोर्टवर ‘नॉर्मल’ येतं.

मग खुबा बाजूने बघायचा. पण उभ्या माणसाचा बाजूने फोटो काढला तर दोन्ही खुबे एकमेकांवर येतात आणि कमरेची हाडंही मध्ये येतात, काहीच नीट कळत नाही. फ्रॉग-लेग ही यातून काढलेली वाट आहे. मूल पाठीवर झोपतं, गुडघे वाकवून पायाचे तळवे एकमेकांना लावतं आणि गुडघे दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांपर्यंत पडू देतं, पाठीवर उलट्या पडलेल्या बेडकासारखं. किरणं पूर्वीसारखीच वरून खाली येतात, कमरेची हाडं जशीच्या तशी राहतात. बदलतं ते मांडीचं हाड. ते आपल्या आसाभोवती बाहेर वळतं आणि त्याची बाजू किरणांसमोर येते. म्हणजे यंत्र न हलवता मांडीच्या हाडाचा बाजूचा फोटो मिळतो. या फोटोत मानेची वरची कड म्हणजे तिची पुढची बाजू आणि खालची कड म्हणजे मागची बाजू. गोल मागे गेला असेल तर तो मानेच्या खालच्या कडेकडे ओघळल्यासारखा दिसतो, आणि वरच्या कडेला मानेचा कोपरा उघडा पडलेला असतो. शिवाय दोन्ही खुबे एकाच फोटोत, सारख्याच स्थितीत येतात, त्यामुळे दुखरी बाजू निरोगी बाजूशी ताडून बघता येते. मुलांच्या हाडांत ही तुलना फार मोलाची असते, कारण वयागणिक आणि मुलागणिक ‘नॉर्मल’ बदलत असतं.

पर्थेसमध्येही हाच फोटो उपयोगी पडतो, पण कारण थोडं वेगळं आहे. गोलाचा पुढचा भाग सहसा आधी आणि जास्त बिघडतो. समोरच्या फोटोत आजारी पुढचा भाग आणि त्याच्या मागचा धडधाकट भाग एकावर एक येतात, आणि मागच्या पांढऱ्या हाडात पुढचा बिघाड बुडून जातो. फ्रॉग-लेगमध्ये तो पुढचा भाग कडेला येतो. तिथे कूर्चेच्या लगत चंद्रकोरीसारखी बारीक काळी रेघ दिसली, तर मेलेल्या हाडात वरच्या थराखाली चीर पडली आहे. ही चीर काहीच महिने दिसते, नंतर तुकड्यांत मिसळून जाते. पण ती दिसते त्या काळात गोलाचा किती भाग आजारात सापडलाय याचा अंदाज ती देते. ६ वर्षांच्या एका मुलाचा समोरचा फोटो मी दोनदा बघितला होता आणि डावा गोल किंचित लहान आहे यापलीकडे मला काही म्हणता येत नव्हतं. फ्रॉग-लेगमध्ये चंद्रकोर इतकी स्पष्ट होती की त्याच्या आईलाही बोट ठेवून दाखवता आली.

आता तुमच्या मुलासारखाच एक मुलगा सांगतो, म्हणजे फोटोत नक्की काय मोजतात ते कळेल.

वय १२, पाच आठवडे उजव्या मांडीत आणि गुडघ्यात दुखणं, चालत होता पण लंगडत. गुडघ्याचा फोटो नॉर्मल आला होता, मग गुडघ्याचे व्यायाम सुरू झाले होते. व्यायामाने दुखणं वाढलं. खुब्याचा समोरचा फोटो ‘विशेष काही नाही’ असा रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आला. मी त्यावर क्लाइनची रेघ काढली. मानेच्या वरच्या कडेला लागून एक सरळ रेघ ओढायची आणि ती गोलाकडे पुढे न्यायची. निरोगी खुब्यात ही रेघ गोलाचा बाहेरचा थोडा भाग कापत जाते. सरकलेल्या खुब्यात ती गोलाला नुसती चाटून जाते किंवा त्याच्या वरूनच निघून जाते. या मुलाच्या दोन्ही बाजूंना रेघ गोलाला कापतच होती, म्हणून पहिल्या नजरेला सगळं ठीक. पण मोजलं तेव्हा डाव्या बाजूला रेघेच्या बाहेर गोलाचा ६ मिलिमीटर भाग होता आणि उजवीकडे ३. दोन बाजूंत २ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त फरक असेल तर प्लेट सरकली असं समजून पुढे जायचं, रेघ गोलाला कापत असली तरी. उजवी प्लेट थोडी रुंद आणि धूसरही होती, आणि गोलाची उंची डाव्यापेक्षा जरा कमी भासत होती. मागे गेलेला गोल समोरून बुटका दिसतो, त्यातलाच हा प्रकार.

मुलगा पायावर भार देऊ शकत होता, म्हणून फ्रॉग-लेग काढला. टेक्निशियनना सांगितलं, जितकं सहज फाकवता येईल तितकंच, जोर लावायचा नाही. त्यात पायरी दिसली. मग कोन मोजला. गोलाच्या बुडाचा पुढचा आणि मागचा कोपरा जोडणारी रेघ काढायची, तिला काटकोनात दुसरी रेघ काढायची आणि ती मांडीच्या सरळ हाडाच्या आसाशी किती कोन करते ते बघायचं. डावीकडे १२ अंश आला, जो साधारण नॉर्मल असतो. उजवीकडे ३६. फरक २४ अंश. ३० अंशांपर्यंत सौम्य, ३० ते ५० मध्यम, त्यापुढे तीव्र, असा हिशोब आहे. म्हणजे समोरून ‘विशेष काही नाही’ म्हटलेला खुबा २४ अंश सरकलेला होता.

त्याला तिथूनच व्हीलचेअरवर भरती केलं आणि दुसऱ्या दिवशी एक स्क्रू घातला. गोल मागे गेल्यामुळे स्क्रू मानेच्या बाहेरून न घालता पुढच्या बाजूने घालावा लागतो, म्हणजे तो प्लेटला काटकोनात ओलांडून गोलाच्या मध्यभागी पोचतो. गोल ओढून जागेवर आणायचा प्रयत्न आम्ही अशा खुब्यात करत नाही. आहे तिथे धरून ठेवायचा आणि प्लेट बंद होऊ द्यायची. ओढाताण केली तर मानेच्या मागून गोलाकडे जाणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या दुखावण्याची भीती असते. शस्त्रक्रियेतसुद्धा स्क्रू सांध्यात घुसलेला नाही याची खात्री वेगवेगळ्या दिशांनी बघूनच करतात, कारण गोल आकारात एका दिशेने बघितलं तर बाहेर आलेलं टोकही आत असल्यासारखं दिसतं. म्हणजे तिथेही हाच धडा: एका फोटोवर विसंबायचं नाही.

आता फ्रॉग-लेग कधी काढायचा नाही, ते सांगतो. मूल कुबड्या घेऊनही पायावर अजिबात भार देऊ शकत नसेल, तर ती प्लेट अस्थिर समजायची. अमेरिकेतले मुलांच्या हाडांचे डॉक्टर लोडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ही विभागणी मांडली. चालू शकतो की नाही, एवढ्या साध्या प्रश्नावर. त्यांनी बघितलेल्या ३० अस्थिर खुब्यांपैकी १४ मध्ये पुढे गोलाचा रक्तपुरवठा तुटून हाड मेलं. चालू शकणाऱ्या २५ पैकी एकाही खुब्यात तसं झालं नाही. अस्थिर खुबा म्हणजे जवळपास मोडलेलं हाड. त्याला बेडकासारखा फाकवून फोटो काढणं म्हणजे मोडकं हाड हलवणं, त्यात गोल आणखी निसटू शकतो. अशा वेळी पाय आहे तसा ठेवून बाजूचा फोटो घेतात: मूल पाठीवरच राहतं, दुसरा निरोगी पाय वर उचलून धरतात, आणि किरणं आडवी, जांघेतून बाहेरच्या दिशेने पाठवतात. एक्स-रे टिपणारी पाटी खुब्याच्या बाहेरच्या बाजूला लावलेली असते. फोटो तितका सुबक येत नाही, पण दुखरा पाय हलत नाही. म्हणून एक्स-रेच्या खोलीत जाण्याआधी स्वतःहून सांगा: मुलगा चालू शकतो की नाही, शेवटचा कधी चालला, आणि काल-परवा एकदम दुखणं वाढलंय का. आठवडाभर लंगडणारा मुलगा काल पडला आणि आज उठतच नाही, हे ऐकल्यावर कोणीही फ्रॉग-लेग मागता कामा नये.

रेडिएशनबद्दल तुमची काळजी रास्त आहे, पण तिचं माप लक्षात घ्या. कमरेच्या एका फोटोत मुलाला मिळणारा डोस निसर्गातून आपल्या सगळ्यांना काही आठवड्यांत मिळतो साधारण त्या पातळीचा असतो. दोन्ही बाजू एकाच फोटोत येत असल्यामुळे हा फोटो उलट डोस वाचवतो. खरा वाया जाणारा डोस म्हणजे गुडघ्याचे परत परत काढलेले फोटो आणि समोरचाच फोटो दोन आठवड्यांनी पुन्हा काढणं. समोरचा फोटो दहा वेळा काढला तरी त्यात न दिसणारी गोष्ट दिसायला लागत नाही, ती पुरेशी बिघडेपर्यंत.

फ्रॉग-लेगच्याही मर्यादा आहेत. दुखऱ्या बाजूचा पाय कमी फाकतो, मग मूल कळत नकळत कंबर एका बाजूला कलवतं. दोन बाजू सारख्या ठेवलेल्या नसल्या की तुलना फसते, आणि कोन काही अंशांनी कमी-जास्त येतो. फोटो हातात आल्यावर मी आधी कंबर सरळ आहे का ते बघतो: मधल्या जोडाच्या दोन्ही बाजूंची भोकं सारख्या आकाराची दिसायला हवीत. समोरच्या फोटोत मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूचा लहान उंचवटा एका बाजूला जास्त ठळक दिसत असेल, तर तो पाय बाहेर वळलेला आहे. ती कधी फोटो काढतानाची चूक असते, तर कधी मुलाला पाय सरळ ठेवताच येत नसतो. टेक्निशियनला विचारलं की कळतं. सरळ ठेवता येत नव्हता, असं उत्तर आलं तर ती स्वतःच एक खूण आहे.

आणि दोन्ही फोटो नॉर्मल आले तरी प्रश्न संपत नाही. पर्थेसच्या पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेत काहीच नसू शकतं, कारण हाड मेल्यावर त्याचा रंग आणि आकार बदलायला वेळ लागतो. प्लेट सरकण्याआधीचीही एक अवस्था असते, त्यात दुखतं पण अजून पायरी पडलेली नसते. तपासणीत खुबा दुखत असेल आणि फोटो स्वच्छ असतील तर एमआरआय करतात. रक्त न पोचलेला गोल किंवा प्लेटलगतची सूज त्यात आधी दिसते. तोवर मुलाला खेळू द्यायचं नाही.

एक गोष्ट या दोन्हींपेक्षा तातडीची आहे, म्हणून लिहितो. लंगडण्याबरोबर ताप असेल, मूल मलूल असेल, पाय जराही हलवू देत नसेल, तर खुब्यात पू झालेला असू शकतो. तिथे फोटोंची चर्चा करत बसायचं नाही. त्याच दिवशी रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, आणि गरज पडली तर सांध्यातलं पाणी काढून बघणं. तुमच्या वर्णनात तापाचा उल्लेख नाही, तरी खात्री करून घ्या.

तुमच्या मुलाला पर्थेस निघाला तर वाट वेगळी असेल. गोल मऊ असेपर्यंत तो वाटीत नीट झाकलेला राहावा, म्हणजे साचा बिघडत नाही, हा उपचाराचा गाभा. कधी नुसतं लक्ष ठेवून आणि हालचाल टिकवून भागतं, कधी हाडाची दिशा बदलणारी शस्त्रक्रिया लागते. ६ वर्षांखालच्या मुलांचे खुबे बरेचदा छान सावरतात. ८ वर्षांनंतर सुरू झालेल्या पर्थेसमध्ये गोलाला पुन्हा घडायला वाढीची वर्षं कमी उरतात, म्हणून ११ व्या वर्षी तो निघाला तर लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडेच जा. पण तो त्या दिवशीच्या घाईचा आजार नसतो, विचार करायला काही दिवस मिळतात. सरकलेल्या प्लेटमध्ये ते मिळत नाहीत, आणि म्हणूनच आधी ती आहे की नाही याचा निकाल लावायचा.

प्लेट सरकलेली निघाली तर डाव्या खुब्याचं काय, हे आधीच विचारून ठेवा. बऱ्याच मुलांमध्ये दुसरी बाजूही सरकते, बहुतेकदा पुढच्या दीड-दोन वर्षांत. काही मुलांमध्ये दुसऱ्या बाजूलाही आधीच स्क्रू घालतात, विशेषतः वयाने लहान असतील, थायरॉइडचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा पुन्हा तपासणीला येणं कठीण असेल तर. १० वर्षांच्या आतल्या किंवा बारीक अंगाच्या मुलाची प्लेट सरकली तर हे आजार मुद्दाम शोधावे लागतात. तुमच्या मुलाच्या वयाला आणि वजनाला ते सहसा लागत नाही, पण उंची अलीकडे वाढतच नसेल तर सांगा. स्क्रू घातलेल्या त्या १२ वर्षांच्या मुलाची डावी बाजू आम्ही नुसती नजरेखाली ठेवली होती, दर तीन-चार महिन्यांनी दोन्ही फोटो. आईवडिलांना एवढंच सांगितलं होतं की डावा गुडघा दुखला तरी थेट खुबा दाखवायला यायचं. सात महिन्यांनी ते आले, मुलाचा डावा गुडघा दोन दिवस दुखत होता. समोरच्या फोटोत काही नव्हतं. फ्रॉग-लेगमध्ये ८ अंशांची घसरण होती, आणि डाव्या खुब्यातला स्क्रू दुसऱ्या दिवशी बसला.